नववा अध्याय, बत्तिसावा श्लोक

पवनारला धाम नदीच्या काठावर विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले, ते स्त्रियांसाठी. ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन एकत्र राहायचे, शेतीपासून सफाईपर्यंतची कामे आपणच करायची, कोणी एक प्रमुख नेमायचा नाही, निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायचे आणि अध्यात्माचा अभ्यास करायचा, अशी त्यामागची कल्पना होती. ईशावास्य, विष्णुसहस्रनाम आणि गीता यांचे पठण तिथल्या दिनक्रमातच आहे. त्याच गीतेच्या नवव्या अध्यायात बत्तिसावा श्लोक येतो. माझा आसरा घेतला तर जे पापयोनी असतील तेही, स्त्रिया, वैश्य आणि शूद्र, तेही परम गतीला जातात, असे भगवंत अर्जुनाला सांगतात.

धर्मग्रंथांच्या स्त्रीवादी चिकित्सेवर शोधनिबंध लिहायला बसलेल्या आमच्या भागातल्या विद्यार्थिनीला हा श्लोक आणि हा आश्रम एकाच वेळी दिसतात, आणि मसुद्यात हमखास एक वाक्य उतरते: पवनारच्या स्त्रियांनी स्वतःचा अपमान आपलासा केला आहे. असे मसुदे मी वाचते आणि त्या वाक्याखाली रेघ ओढते. ते वाक्य उद्धट आहे म्हणून नव्हे, तर ते सिद्ध झालेले नसते म्हणून. श्लोकात काय लिहिले आहे हे श्लोकावरून कळते, भाष्यकाराने त्याचे काय केले हे भाष्यावरून कळते. पण तो श्लोक म्हणणाऱ्या बाईच्या मनात काय आहे हे दोहोंपैकी कशावरूनही कळत नाही. त्यासाठी तिच्याकडे जावे लागते, तिला विचारावे लागते, तिचे उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे लागते. निबंधात यातले काहीच झालेले नसते. ग्रंथाची चिकित्सा आणि श्रद्धावंतांवरची टीका वेगळी ठेवा, असे आपण म्हणतो तेव्हा ते बहुतेकांना भावना न दुखावण्याचे पथ्य वाटते. मला तो पुराव्याचा प्रश्न वाटतो. पथ्य सोयीप्रमाणे मोडता येते, पुराव्याचे तसे नाही.

तेव्हा आधी श्लोकच नीट पाहू. त्याच्या पहिल्या अर्ध्यात ‘जे कोणी पापयोनी असतील’ असे येते आणि दुसऱ्या अर्ध्याच्या आरंभीच स्त्रिया, वैश्य, शूद्र ही नावे येतात. मध्ये ‘आणि’ नाही, ‘किंवा’ नाही. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात इथे सरळ प्रश्न केला की हे पापयोनी म्हणजे कोण, आणि उत्तर दिले की स्त्रिया, वैश्य आणि शूद्र. व्याकरणाच्या दृष्टीने हा अन्वय सर्वांत सोपा आहे. पुढचा श्लोकही त्याला टेकू देतो, कारण तिथे म्हटले आहे की मग पुण्यवान ब्राह्मण आणि भक्त राजर्षी यांच्याबद्दल काय सांगावे. वर चढत जाणारी एक उतरंड श्लोकाच्या रचनेतच आहे.

या अन्वयाला एक खरा आक्षेप आहे आणि तो निबंधात आलाच पाहिजे. छांदोग्य उपनिषदात चांगल्या आचरणाने मिळणाऱ्या चांगल्या जन्मांमध्ये ब्राह्मण आणि क्षत्रिय यांच्याबरोबर वैश्यही मोजला आहे. मग गीता त्याला पापयोनी कशी म्हणेल? ही अडचण धरून दुसरा अन्वय मांडता येतो: पापयोनी हे वेगळे लोक, आणि स्त्रिया, वैश्य, शूद्र वेगळे. त्यासाठी मधला ‘आणि’ वाचकाला आपल्या पदरचा घालावा लागतो. पद्यात असा शब्द गाळलेला असणे अशक्य नाही, म्हणून हा अन्वय चूक ठरवता येत नाही. एवढेच म्हणता येते की तो पहिल्याहून दुबळा आहे.

लोकमान्य टिळकांनी हाच दुसरा अन्वय घेतला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या या श्लोकावरच्या टिपेत ते सांगतात की स्त्रिया, वैश्य आणि शूद्र पापयोनीत मोडत नाहीत. मग पापयोनी कोण? तर सरकारदरबारी ज्यांना गुन्हेगार जमाती म्हणतात ते लोक. निबंध लिहिणारीने इथे थांबून नीट विचार केला पाहिजे, कारण बहुतेक लेखनात टिळकांचे हे मत स्त्रियांच्या बाजूचे म्हणून उद्धृत होते आणि लेखक पुढे जातो. स्त्रियांवरचा डाग पुसला गेला हे खरे. पण तो नाहीसा झाला नाही. तो उचलून पारध्यांसारख्या जमातींच्या कपाळी लावला गेला. त्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले होते ते कोणा ऋषीने नव्हे, ब्रिटिश सरकारने, १८७१ च्या कायद्याने. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो शिक्का अधिकृतपणे पुसण्यात आला. म्हणजे विसाव्या शतकातल्या एका भाष्याने प्राचीन श्लोकातली रिकामी झालेली जागा वसाहतीच्या पोलिसी वर्गवारीने भरून काढली. पारध्याची बाई या टिपेत कुठे बसते? स्त्री म्हणून ती सुटते आणि जमातीची म्हणून अडकते.

यातून मला अर्थ तपासण्याची एक कसोटी मिळाली आहे आणि ती मी प्रत्येक निबंधाला लावते. एखादा अर्थ एका माणसाचा अपमान दूर करतो तेव्हा तो अपमान कुठे गेला ते शोधावे. दुसऱ्या कोणावर सरकला असेल, तर त्या अर्थाने ग्रंथाचा बचाव झाला, माणसाचा झाला नाही. याने टिळकांची गीतेवरची निष्ठा खोटी ठरत नाही, त्यांचे पांडित्यही कमी होत नाही. त्यांनी केलेली एक विशिष्ट निवड मात्र स्पष्ट दिसते, आणि निवडीबद्दल जाब विचारता येतो.

ज्ञानेश्वरांनी याच जागी काय केले ते या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. पापयोनी हा शब्द त्यांनी टाळला नाही. पण स्त्रिया, वैश्य, शूद्र यांची यादी देताना त्यांनी तिच्यात क्षत्रियही घातला आणि अंत्यजही घातला, आणि म्हटले की या जाती वेगवेगळ्या आहेत त्या मला येऊन मिळत नाहीत तोवरच. मूळ श्लोकात क्षत्रिय या यादीत नाही. राजर्षी म्हणून तो पुढच्या श्लोकात, वरच्या पायरीवर उभा आहे. त्याला खाली आणून बसवल्यावर यादीचा अर्थच बदलतो: हीन कोण याची ती यादी राहत नाही, भेद कुठवर टिकतो याची होते. आणि अठराव्या अध्यायात ते याहून पुढे जातात. वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला आणि स्त्रीशूद्रादिकांना त्याने बाहेर ठेवले, असे ते म्हणतात. वेदाला कंजूष म्हणणारा हा माणूस नास्तिक नव्हता. या ओव्या गेली सातशे वर्षे पारायणात वाचल्या जातात. ग्रंथाची चिकित्सा ही श्रद्धेबाहेरच्या लोकांनी श्रद्धेवर केलेली चढाई आहे, हा समज निदान मराठी माणसाने तरी बाळगू नये.

आता उलट प्रकार. बत्तिसाव्या श्लोकात मुळातला शब्दच कठोर आहे आणि नंतरच्यांना तो सावरावा लागला. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात मूळ वाक्य उदार आहे आणि भाष्याने ते आवळले. तिथे कोणत्या प्रकारचे अपत्य हवे असेल तर नवराबायकोने काय शिजवून खावे हे सांगितले आहे. त्यात, आपल्याला पंडिता मुलगी व्हावी आणि ती पूर्ण आयुष्य जगावी असे वाटत असेल तर तिळभात शिजवून तुपासह खावा, असे आहे. यावर शंकराचार्यांचे भाष्य असे की मुलीचे पांडित्य म्हणजे घरकामातले पांडित्य, कारण वेदाचा तिला अधिकार नाही. उपनिषदाने घरकाम म्हटलेले नाही. त्याच उपनिषदात गार्गी भरसभेत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारते आणि मैत्रेयी संपत्ती नाकारून अमृतत्वाचे ज्ञान मागते. अधिकार नाही हा नियम भाष्यकाराने दुसरीकडून आणला आणि या वाक्यावर ठेवला. पुरुषसत्ताक अर्थ म्हणतात तो कसा घडतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. आधी नियम ठरलेला असतो, मग शब्द त्या नियमात मावेल इतका लहान केला जातो. प्रामाणिकपणे हेही लिहावे लागेल की मूळ प्रकरण काही समतेचा जाहीरनामा नाही, कारण त्यात मुलाचे प्रकार चार आणि मुलीचा एक, आणि वेद जाणण्याची इच्छा मुलाच्याच वाट्याला आली आहे. पण पंडिता हा शब्द तिथे आहे आणि त्याला कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की निबंधाला कणा मिळतो. एकीकडे दोष मुळात आहे आणि दुसरीकडे भाष्यात. ‘धर्माने स्त्रीला हीन मानले’ असे एकच वाक्य दोन्हीकडे लावले तर दोन्हीकडचा पुरावा वाया जातो. धर्म नावाचा कोणी वाक्य लिहीत नाही. वाक्य कोणीतरी लिहितो, दुसरा कोणी त्याचा अर्थ करतो, तिसरा त्या अर्थावरून एखादीला उंबरठ्यावर अडवतो, आणि चौथी पहाटे उठून तेच वाक्य स्वतःसाठी म्हणते. या चौघांची एकत्र मोट बांधली की ती चौथी, जिच्या हाती सत्ता सर्वांत कमी, तीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. स्त्रीवादी म्हणवणाऱ्या लेखनाने निदान एवढे तरी होऊ देऊ नये.

एलिझाबेथ शूसलर फिओरेन्झा या धर्मतत्त्वज्ञ बाईंनी १९८३ साली ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळावर जे पुस्तक लिहिले, त्यात एक मुद्दा आहे, तो इथे उपयोगी पडतो. ग्रंथात आज्ञा दिसली म्हणजे लोक तसे वागत होते असे होत नाही. स्त्रियांनी सभेत गप्प बसावे अशी आज्ञा कोणाला द्यावी लागते, तर जिथे त्या बोलत असतात तिथे. म्हणून पुरुषांनी लिहिलेले नियम संशयाने वाचावेत, आणि त्याच वाचनातून नियमाच्या आड दडलेल्या स्त्रिया शोधून काढाव्यात. हा संशय ग्रंथकर्त्याच्या हेतूबद्दल आहे. त्या मंडळीत बसलेल्या स्त्रियांबद्दल तो नाही, उलट त्यांच्याच शोधासाठी आहे.

यावर माझ्या चळवळीतल्या मैत्रिणींचा एक आक्षेप असतो आणि तो हलका नाही. ग्रंथ वेगळा आणि श्रद्धावंत वेगळे म्हणणे ही पळवाट आहे, त्या म्हणतात. ग्रंथ आपल्या पायांनी चालत येऊन कोणाला मारत नाही. श्रद्धावंतांनी म्हटला नसता तर तो केव्हाच मेला असता. मला यातले अर्धे मान्य आहे. माणूस श्रद्धेच्या नावाने काही करतो तेव्हा त्या करण्याचा जाब त्यालाच विचारला पाहिजे. शनिशिंगणापूरला चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देत नव्हते. तिथे प्रश्न कोणाच्या भक्तीचा नव्हता, अडवण्याच्या कृतीचा होता. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याकडे बोट दाखवले आणि त्याच एप्रिलमध्ये देवस्थानाला चौथरा खुला करावा लागला. शनीवर कोणाची श्रद्धा आहे की नाही, हे कोणालाही विचारावे लागले नाही. कृती, ती करणारी संस्था आणि तिने पुढे केलेला आधार, या तिन्हींवर नावानिशी टीका करावी. श्रद्धा असणे ही मात्र कृती नव्हे.

हे वेगळेपण पाळले तर टीका बोथट होते, असेही म्हणतात. १९२७ चे महाड त्याला उत्तर आहे. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली गेली. ग्रंथाची याहून कठोर चिकित्सा कोणती असेल? आणि दहनाचा तो ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. त्याआधी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांकडून बाबासाहेबांना निरोप आला होता की सत्याग्रहातून ब्राह्मणांना वगळा, मग आमचा पाठिंबा आहे. बाबासाहेबांनी ती अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण माणसाला नाही, ही त्यांची भूमिका होती. ग्रंथ जाळण्याइतका राग आणि माणूस वेगळा काढण्याइतकी काटेकोर नजर त्या मांडवात एकत्र होती.

पुढे बौद्ध ग्रंथांचा प्रश्न आला तेव्हाही बाबासाहेबांनी ग्रंथाला सूट दिली नाही. महापरिनिब्बान सुत्तात आनंद बुद्धांना विचारतो की स्त्रियांशी कसे वागावे, आणि उत्तर मिळते की त्यांच्याकडे पाहूच नये. स्त्रियांच्या अवनतीला बुद्ध जबाबदार, असा आरोप एका नियतकालिकात झाला होता आणि त्याचा आधार हा उतारा होता. १९५१ साली महाबोधीच्या अंकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी तो उतारा भिक्षूंनी मागाहून घुसडलेला आहे असा युक्तिवाद केला. आधार म्हणून त्यांनी बुद्धांचे आणि आनंदाचे स्त्रियांशी प्रत्यक्ष वागणे कसे होते ते दाखवले. हा युक्तिवाद निबंधात घ्यावा, पण त्याची मर्यादाही सांगावी. नकोसा उतारा प्रक्षिप्त ठरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. सुसंगती हा त्यासाठीचा एक पुरावा आहे, आणि हस्तलिखितांची साक्ष हा दुसरा. गीतेच्या बत्तिसाव्या श्लोकाबाबत ती वाट बंद आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत तो श्लोक जागच्या जागी आहे.

गांधीजींनी आणखी वेगळी वाट घेतली. १९३६ च्या एप्रिलमध्ये ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये स्मृतींतल्या स्त्रीविषयक वचनांवर त्यांनी लिहिले. शास्त्राच्या नावाने छापलेले सगळेच देवाचे वचन मानायचे कारण नाही, आणि नीतीला सोडून असलेली वचने काढून टाकायला कोणीतरी अधिकारी मंडळी हवीत, असा त्याचा आशय. वचने काढून टाकण्याला माझा विरोध आहे. ग्रंथातून ओळ काढली की तिने काय केले याचा पुरावाही जातो. पण हे लिहिणारा माणूस रोज गीता म्हणत होता, याची नोंद घ्यायलाच हवी.

आता पुन्हा पवनार. आश्रमाला हात लावायचाच नाही, असे माझे म्हणणे नाही. आश्रम ही संस्था आहे आणि संस्थेमागे विचार असतो. शास्त्रे पुरुषांनी लिहिली, आता ज्ञान आणि वैराग्य असलेल्या स्त्रीने शास्त्र लिहावे, अशी विनोबांची मांडणी होती. आपल्या परंपरेत एका पुरुषाने ते इतक्या उघडपणे म्हणणे मोठे आहे. तरीही त्यांनी स्त्रीसाठी ज्ञानाचे दार उघडले ते ब्रह्मचर्याच्या चौकटीत. याज्ञवल्क्याला दोन बायका होत्या आणि ब्रह्मविद्याही होती, मैत्रेयीने ज्ञान मागितले ते त्याची बायको असतानाच. संसार करणाऱ्या बाईने, कापूस वेचून घरी आलेल्या बाईने शास्त्र लिहायचे असेल तर पवनारच्या कल्पनेत तिची जागा कोणती? हा प्रश्न विनोबांच्या विचाराला विचारायचा आहे आणि तो ठामपणे विचारावा. तिथे राहायला आलेल्या बाईने ब्रह्मचर्य का निवडले हा वेगळा प्रश्न आहे. काहींनी ते लग्नाच्या सक्तीतून सुटण्यासाठी घेतले असेल, काहींनी ईश्वराच्या ओढीने, काहींनी दोन्हींसाठी. कोणी कशासाठी घेतले ते त्यांनी सांगितल्याशिवाय मला ठरवता येत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच काटेकोरपणे पाळावी लागते, आणि तिथे भाविक मंडळी चुकतात. इतक्या विदुषी स्त्रिया आनंदाने गीता म्हणतात, मग श्लोकात अपमान असेलच कसा, असे मला सभांमधून ऐकवले जाते. म्हणणारीची शांती हा श्लोकाच्या निर्दोषपणाचा पुरावा होत नाही. श्लोकावरून जसे तिला दोषी ठरवता येत नाही, तसे तिला पुढे करून श्लोकही सोडवता येत नाही. आणि भावना दुखावल्या असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा पापयोनी म्हणून ज्यांची गणना झाली त्यांच्याही भावना मोजल्या पाहिजेत. त्याही बायकाच आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकजणी श्रद्धावान आहेत.

म्हणून शोधनिबंध लिहिणाऱ्या मुलींना माझे सांगणे आहे. श्लोकात अपमान दिसत असेल तर तो आहे असे सरळ लिहा. मलाही तो तिथे दिसतो, आणि परम गतीचे आश्वासन त्याच श्लोकात आहे म्हणून तो कमी होत नाही. शंकराचार्यांचे नाव घेऊन त्यांच्या भाष्यावर बोला, टिळकांचे नाव घेऊन त्यांच्या टिपेवर बोला. आश्रमातल्या, भजनी मंडळातल्या, विहारातल्या, चर्चमधल्या बाईबद्दल एकही वाक्य लिहायचे असेल तर आधी तिच्याकडे जा, श्लोक तिच्यापुढे ठेवा, तिचा अर्थ विचारा आणि तो शंकराचार्यांच्या आणि टिळकांच्या अर्थाशेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात छापा. त्यानंतर तिचा अर्थ तुम्हांला पटला नाही, तर त्यांच्या अर्थाशी वाद घातलात तसाच तिच्याही अर्थाशी घाला.